जोतीरामसाठी लिहिलेली चार पानं

उद्यमनगरात दानम्मा पट्टणशेट्टी असं पूर्ण नाव घेऊन विचारलं तर दहातले आठ जण मान हलवतील. 'पॅटर्नवाली अक्का' म्हटलं की मात्र चहाच्या गाड्यावरचा माणूसही उकळत्या पातेल्यावरची नजर न काढता हात करून शेड दाखवतो. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. पंपाचा भाग ओतायचा असला की आधी तो हुबेहूब लाकडात करायचा. फाउंड्रीवाले तो वाळूत दाबतात, काढतात, आणि उरलेल्या पोकळीत लोखंडाचा रस सोडतात. लाकडात एका मिलिमीटरची चूक झाली की ती लोखंडात उतरते, आणि लोखंड रंधा मारून सरळ होत नाही.

दानम्मा स्वतः कधी रंधा धरलेली बाई नव्हे. माहेर निपाणीकडचं, लग्न होऊन मंगळवार पेठेत आली, आणि एका फाउंड्रीच्या खरेदी खात्यात बारा वर्षं टायपिंग केलं. ड्रॉइंग टाइप करायचं नसतं, पण ती नुसती बघून बघून ड्रॉइंग वाचायला शिकली. कुठली कंपनी कधी माप बदलते, कुठला साहेब शनिवारी दुपारी मेल टाकून सोमवारी सकाळी माल मागतो, हे तिला तोंडपाठ झालं. मग एक दिवस तिथलाच पॅटर्न मेस्त्री जोतीराम सुतार मालकाशी भांडून बाहेर पडला, आणि त्याच्या मागोमाग दानम्माही. "तुम्ही लाकूड बघा, मी कागद बघते," असं ती त्याला म्हणाली त्याला आता एकोणीस वर्षं झाली. शेडवर पाटी लागली ती तिच्या मुलीच्या नावाची, शांभवी पॅटर्न्स. माणसं चार, यंत्रं तीन, आणि इनबॉक्स एक.

त्या इनबॉक्सला इतकी वर्षं दानम्माशिवाय कुणाचं बोट लागलं नव्हतं. कंपन्यांची ड्रॉइंगं त्यातच यायची, बदल त्यातच, तक्रारी त्यातच. सकाळी देवापुढं उदबत्ती लावायच्या आधी ती मेल बघायची. सुट्टी अशी घेतलेलीच नव्हती. शांभवीच्या लग्नात अक्षता टाकून झाल्यावर मांडवामागं उभी राहून तिनं एका फाउंड्रीला उत्तर लिहिलं होतं, ते व्हिडिओत आलंय.

पण उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन तासाभराचं, पण डॉक्टरीणबाईंनी धंदा कसला ते विचारलं आणि म्हणाल्या, "लाकडाचा भुसा? मग दहा दिवस शेडची पायरी चढायची नाही. आणि मोबाइल, कॉम्प्युटर पहिले काही दिवस जितकं टाळता येईल तितकं टाळा."

शुक्रवारी दुपारी शेडमध्ये करवत बंद करायला लावून दानम्मा लांबड्या वहीत लिहायला बसली. चार पानं झाली. जोतीराम समोर स्टुलावर, कानावर पेन्सिल, भुवयांत भुसा.

"वाचून दाखवते, मधी बोलू नका मेस्त्री."

"बोलतोय कुटं? ऐकायलोय की."

दानम्मानं वही डोळ्यापासून हातभर लांब धरली आणि सुरू केलं.

'मेस्त्री, ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या गुरुवारपर्यंत इनबॉक्स तुमच्याकडं. सकाळी नऊला आणि दुपारी तीनला उघडायचा. दिवसभर त्याच्यापुढं बसायचं नाही, काम कोण करणार? पासवर्ड मारायची गरज नाही, कॉम्प्युटरात ते उघडंच असतं. जे ठळक अक्षरात दिसतं ते अजून कुणी बघितलेलं नाही. उघडलं की ठळकपणा जातो. म्हणून उघडलं पण काम झालं नाही असं असेल तर त्याच्या बाजूची चांदणी दाबायची. चांदणी म्हणजे बाकी आहे. काम झालं की चांदणी काढायची. चांदण्या बघूनच घरी जायचं.

'ड्रॉइंग आलं की त्याच दिवशी "मिळालं, बघून कळवतो" एवढंच उत्तर टाकायचं. ते मी ड्राफ्टमध्ये इंग्रजीत करून ठेवलंय, तिथनं उचलायचं. तारीख कबूल करायची नाही. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली रिव्हिजनचं अक्षर असतं. ए असेल, बी असेल. ते आपल्या भिंतीवरच्या कागदाशी ताडायचं. नवीन आलं असेल तर जुना कागद काढून फाडायचा, नुसता मुडपून ठेवायचा नाही, तुम्हाला सवय आहे.'

"एकदा ठिवलाता. एकदा!"

"मधी बोलू नका म्हणाले ना."

'उत्तर देताना दोन बटणं आहेत. एकानं फक्त पाठवणाऱ्याला जातं, दुसऱ्यानं सगळ्यांना. पंपवाल्यांच्या मेलमध्ये फाउंड्रीवालेही असतात. फाउंड्रीला उशीर झाला वगैरे तुमचं जे मत आहे ते सगळ्यांना जाऊ देऊ नका. खातं बंद होणार आहे, इथं दाबा, असं काही आलं तर दाबायचं नाही. बँकेचं असलं तरी नाही, सरकारचं असलं तरी नाही. नवीन चौकशीला उत्तर द्यायचं नाही, मी रजेवर आहे असं त्यांना आपोआप जातं. काहीही डिलीट करायचं नाही. एखादं मेल पाठवलं म्हणत असतील आणि दिसत नसेल तर आधी स्पॅममध्ये बघायचं, मग बिनमध्ये. बिन म्हणजे कचऱ्याचा डबा. त्यात महिनाभर राहतं. माझ्याच अंगठ्यानं दोनदा चांगली मेलं तिथं गेलीत.

'इनबॉक्सचं विचारायला मला फोन करायचा नाही. शेडला आग लागली तर करायचा.'

"आग लागली तर बंबाला करीन की. तुमाला कशाला?" जोतीराम म्हणाला आणि वही आपल्याकडं ओढून घेतली. त्यानं ती पुन्हा पहिल्यापासून वाचली, ओळीखाली बोट फिरवत. कानावरची पेन्सिल काढून 'नऊ' आणि 'तीन' भोवती गोल केले. दानम्माला बरं वाटलं. जोतीरामचं असं होतं की कागदावर जे आहे ते तो करायचा. कागदावर नसलेलं देव आला तरी करायचा नाही. ड्रॉइंग म्हणजे ड्रॉइंग. एकदा एका कंपनीनं चुकून पंपाला पाय तीनच काढले होते, त्यानं तीन पायांचा पॅटर्न करून ठेवला आणि वर विचारलं, "चौथा कुटं दावलाय?"

सोमवारी ऑपरेशन झालं. मंगळवारी डोळ्यावरची पट्टी काढून पारदर्शक झाकण बसवलं, काळा चष्मा दिला, आणि शांभवीनं अव्वाचा, म्हणजे आईचा, मोबाइल आपल्या पर्समध्ये टाकला. शांभवी इचलकरंजीहून आठ दिवसांसाठी आली होती. दानम्माचा नवरा शिवप्रसाद कागलकडच्या एका साखर कारखान्यात शिफ्टला, तो संध्याकाळी यायचा. दिवसभर दानम्मा आणि छताचा पंखा.

"अव्वा, झोप की जरा."

"झोपून झोपून पाठ लाकडाची झाली गं."

"मग मेस्त्रीकाकांना बोलवून रंधा मारून घे."

मंगळवारी दुपारी फोन आला तो शिवप्रसादच्या जुन्या नंबरवर, जो आता घरात असायचा. जोतीरामच होता.

"आग लागली व्हय?" दानम्मा ताडकन उठून बसली.

"न्हाय वो अक्का. डोळ्याचं इचारायला केलाय. त्याला काय बंदी न्हाय, कागदावर 'इनबॉक्सचं इचारू नका' असं हाय."

"बरा आहे डोळा. मेलं बघितली?"

"नवाला बगितली. दोन आलती, दोनीला 'मिळालं' म्हणून टाकलं. चांदणी शून्य." जोतीरामच्या आवाजात मस्ती होती. "पर अक्का, ह्येच्यात जुनं बी सगळं असतंय की वो! भाकरी खाता खाता बगत हुतो. एकोणीस वर्सामागचं. आपण पैला पॅटर्न केल्याला त्येचं ड्रॉइंग घावलं. तुमी काय काय लिवलंय त्ये बी दिसतंय. 'पाठवलेलं' म्हणून निराळा कप्पाच हाय. मी म्हणलं रोज जरा बगावं. एकोणीस वर्सं काय चाललंवतं ते मला तरी कुटं म्हाईत हाय?"

"बघा की," दानम्मा म्हणाली. फोन ठेवला. आणि 'पाठवलेलं' या एका शब्दापाशी अडकली.

दिवाळीच्या आधी पुण्याच्या एका पंप कंपनीचं काम होतं. ड्रॉइंगवर कडेच्या चकतीची जाडी तेवीस होती. ड्रॉइंगमधली मापं मेस्त्रीसाठी उतरवून द्यायचं कामाचं कार्ड दानम्मानं लिहिलं, त्यावर अठ्ठावीस लिहिलं. तीन की आठ, तिला धुकंच दिसलं होतं, आणि विचारायची लाज वाटली होती. जोतीरामनं कार्डाप्रमाणं अठ्ठावीस केली. सहा नग ओतले गेले, सहाच्या सहा मोडीत. कंपनीच्या डिझाइन खात्यातला यशराज म्हणून एक तरणा इंजिनियर आहे, त्याचं मेल आलं, हे कसं झालं? दानम्मानं उत्तर लिहिलं: आमच्या कारागिराकडून ड्रॉइंग वाचण्यात चूक झाली. त्याला कडक समज देण्यात आली आहे. पुन्हा असं होणार नाही.

जोतीरामला तिनं सांगितलं, कंपनीनं मागनं ड्रॉइंग बदललं.

दोन्ही गोष्टी एका दुपारी, एकाच खुर्चीत बसून. ती विसरली नव्हती. फक्त ते मेल इनबॉक्सच्या कुठल्या तरी थरात खोल गेलंय असं धरून चालली होती. आणि आता तिनंच चार पानं लिहून, त्या माणसाला त्या कप्प्यासमोर बसवलं होतं. रोज भाकरी खाताना.

मंगळवारची रात्र कशी गेली ते शिवप्रसादला विचारा. बुधवारी सकाळी डोळ्यात थेंब घालताना शांभवी म्हणाली, "मान का हलवाल्यालीस? थेंब गालावर गेला."

"शांभव्वा, फोन दे जरा. दोन मिनिटं."

"न्हाई."

"निपाणीला मामाला करायचाय."

"नंबर सांग, मी लावते."

दानम्मा पलंगावरून उठून खिडकीपाशी गेली, खिडकीपासून स्वयंपाकघरात, तिथून पुन्हा पलंगावर. वाकायचं नाही, शिंकायचं नाही, डोकं धुवायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी नुसतं 'धडधडायचं नाही' एवढंच सांगायचं ठेवलं होतं.

दुपारी दोनच्या सुमारास शांभवी कोपऱ्यावर भाजी आणायला गेली. पर्स खुंटीवर. दानम्मानं मोबाइल काढला, काळा चष्मा कपाळावर सरकवला, उजव्या डोळ्यावर तळवा धरला आणि डाव्या डोळ्यानं, जो काही फार चांगला नव्हता, मेल उघडलं. अक्षरं मुंग्यांसारखी. शोधायच्या चौकटीत तिनं कंपनीचं नाव घातलं. ओळीच ओळी आल्या. ती ओळ पहिलीच होती, वर कशी आली ते तिच्या डोक्यात आलं नाही, विषय तोच होता, पॅटर्नची तक्रार. उघडून वाचायचा धीर तिला झाला नाही. आपणच लिहिलेलं ते पुन्हा बघायचं? तिनं ओळीवर अंगठा दाबून धरला, वर डब्याचं चित्र आलं, ते दाबलं. ओळ गेली.

जिन्यात शांभवीच्या चपला वाजल्या. मोबाइल पर्समध्ये गेला. दानम्मा पलंगावर आडवी झाली आणि चष्मा खाली ओढला.

आता कसं शांत वाटायला हवं होतं. वाटलं नाही. गुरुवार गेला. जोतीरामचा फोन नाही. शुक्रवारी सकाळी नाही. त्याला फोन करू नका म्हणून लिहून दिलं होतं, मग तो करत नव्हता. पण दानम्माला वाटायला लागलं, वाचलं असणार. मी टाकायच्या आधीच वाचलं असणार. घरातल्या फोनवरून शेडचा नंबर लावला, करवतीच्या आवाजात कुणी उचलला नाही. शिवप्रसाद म्हणाला, "अगं, माणसं काम करत्यात म्हणून उचलत न्हाईत, हे चांगलंच की." तिनं त्याच्याकडं काळ्या चष्म्यातून बघितलं. तो उठून आंघोळीला गेला.

तिला जे कळलं नव्हतं ते असं. यशराज साहेबाची एक सवय होती. नवीन मेल लिहिण्याऐवजी तो शांभवी पॅटर्न्सचं जुनं कुठलंही मेल उघडायचा आणि त्याच्यावरच उत्तर टाकायचा. बुधवारी दुपारी सव्वाला त्यानं तेच केलं. दिवाळीच्या तक्रारीवरच नवं उत्तर, सोबत नव्या कामाचं बदललेलं ड्रॉइंग: पंपाच्या पायाची उंची चार मिलिमीटरनं वाढवली आहे, रिव्हिजन सी, कृपया जुन्यावर काम थांबवा. इनबॉक्स असली मेलं एकाच विषयाखाली एकावर एक रचून ठेवतो. ओळ एक, आत पत्रं सात. वरची ओळ डब्यात टाकली की सातही जातात. दानम्मानं खालचं एक पुरायला म्हणून टाकलं, आणि वरचं, पाऊण तासापूर्वी आलेलं, अजून कुणी न बघितलेलं, तेही त्याच्याबरोबर गेलं. जोतीरामनं कागदाप्रमाणं तीनला इनबॉक्स उघडला. ठळक काही नव्हतं. चांदणी शून्य. त्यानं जुन्या ड्रॉइंगवर पॅटर्न पुरा केला, पॉलिश पेपर मारला, लाल रंग दिला. शनिवारी सकाळी तो टेंपोनं शिरोलीच्या फाउंड्रीत जायचा होता.

हे काम म्हणजे कंपनीनं दिलेली दुसरी संधी होती. यशराजनं फोनवर तसं स्पष्टच सांगितलं होतं. आणखी एक चूक, आणि नाव यादीतून कमी.

शुक्रवारी चारला यशराजचा फोन शेडवर आला.

"नमस्कार, दानम्मा मॅडम रजेवर आहेत ना? परवा ड्रॉइंग पाठवलं होतं, रिव्हिजन सी. पोहोचल्याचं उत्तर नाही आलं, म्हणून म्हटलं विचारावं."

"सी?" जोतीरामनं भिंतीवरच्या कागदाचा कोपरा बघितला. "सायेब, हितं तर 'बी' लिवलंय. सी आल्यालंच न्हाय."

"पाठवलंय हो. माझ्यासमोर आहे. तुम्ही कोण बोलताय?"

"जोतीराम सुतार. पॅटर्न म्याच करतो."

यशराज म्हणाला, "अच्छा, तुम्हीच का ते. हे बघा, मागच्या वेळीपण वाचण्यातच झालं होतं तुमचं. यावेळी तरी नीट बघून सांगा."

जोतीरामनं फोन ठेवला. मागच्या वेळी? तो कॉम्प्युटरपुढं बसला, वही उघडली, तिसऱ्या पानावरच्या ओळीवर बोट ठेवलं. आधी स्पॅममध्ये. तिथं नव्हतं. मग बिनमध्ये.

तिथं होतं. सातही होती. त्यानं ती कागदाप्रमाणं पहिल्यापासून वाचली. इंग्रजी त्याला सावकाश यायचं, म्हणून प्रत्येक शब्दाला वेळ लागला.

मग त्यानं टेंपोवाल्याला नको म्हणून सांगितलं, यशराजला फोन करून "मेल घावलं, आमच्याकडनंच कचऱ्यात गेल्तं, पॅटर्न अजून शेडमधीच हाय" म्हणाला, पॅटर्नच्या पायाखालचा रंग खरवडला आणि चार मिलिमीटरची, आकसणीचा हिशेब धरून जरा वरच्या मापाची, सागवानी पट्टी काढायला घेतली. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून लाकूड तेवढं मोठं धरावं लागतं. संध्याकाळी शेडमधले बाकीचे दोघं घरी गेले तरी त्याचं काम चालूच होतं.

शनिवारी दुपारी तो मंगळवार पेठेत आला. शांभवीनं दार उघडलं.

"या काका, चहा टाकते."

"च्या नको."

पलंगावर दानम्मा उठून बसली. एकोणीस वर्षांत जोतीरामनं चहाला नाही म्हटलेलं तिनं ऐकलं नव्हतं. तिला तिथंच कळलं.

"काम गेलं?" तिनं तरी विचारलं.

"ऱ्हाइलं. कंपनीनं पाय चार मिलिमीटरनं वाढिवलाय. बुधवारी सव्वाला मेल आलंतं."

"तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसंल कसं? बिनमधी हुतं." तो खुर्चीच्या कडेला टेकला होता, पाठ न टेकता. "म्या टाकल्यालं न्हाय. तुमी लिवलंय, कायबी डिलीट करायचं न्हाय. न्हाय केलं. इनबॉक्स दोघांचाच हाय, तिसरा कोन हाय त्येच्यात?"

"मी टाकलं, मेस्त्री. बुधवारी."

"व्हय. आणि का टाकलं त्ये बी वाचलं." जोतीराम चष्म्याच्या काळ्या काचांकडं बघत होता, त्याला तिचे डोळे दिसत नव्हते. "'त्याला कडक समज देण्यात आली आहे.' कवा दिलीसा वो समज? मी हुतो का त्या दिवशी? का सुट्टीवर हुतो?"

स्वयंपाकघरात भांडं वाजत होतं ते थांबलं.

"भ्याले मी," दानम्मा म्हणाली.

"कुनाला? मला?"

"कंपनीला. डोळ्याचं सांगितलं असतं तर म्हणाले असते, बाईला दिसत नाही आणि ड्रॉइंगं घेती. शेडच बंद करा म्हणाले असते. कारागिराचं म्हटलं की कुणी काय म्हणत नाही, होतं एखाद्या वेळी म्हणतात."

"म्हंजे माझं डोळं गेल्यालं चालतंय."

दानम्मानं चष्मा नाकावर सारखा केला.

"आणि मला काय सांगिटलंतं? कंपनीनं ड्रॉइंग बदललं. सा म्हयनं मी त्या यशराजला शिव्या दितोय. घरात बायकोला बी सांगिटलंय, पुण्याची माणसं लबाड. काल तो मला म्हणला, 'वाचण्यातच झालं होतं तुमचं.' माझं! मी कागदावर नसल्याला खिळा मारला न्हाय कवा. मला लाज वाटली अक्का, आणि कशाची लाज वाटायलीय त्ये बी मला म्हाईत नव्हतं."

"कार्ड मी लिहिलं होतं. अठ्ठावीस."

"म्हाईत हाय. कार्ड माझ्या पेटीत हाय. नग मोडीत गेलं तवाच वाटलंतं, तेवीस असंल. पर तुमी म्हणला बदललं. म्हटलं, अक्का म्हणती म्हंजे बदललं असंल."

हे तिला जास्त लागलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. दानम्मानं हात पुढं करून शांभवीला हाक मारली. "शांभव्वा, माझा फोन आण. आता आणच." शांभवीनं दारातून दोघांकडं बघितलं आणि आणून दिला.

"यशराज साहेबाला मेल लिहायचंय," दानम्मा म्हणाली. "मराठीत चालेल, तो वाचतो. शांभवी, तू टाइप कर."

"आना हिकडं," जोतीरामनं हात पुढं केला. "इनबॉक्स गुरुवारपर्यंत माझ्याकडं हाय. कागदावर तसंच हाय."

त्यानं मोबाइल मांडीवर ठेवला. उजव्या हाताचं एक बोट, नख तुटलेलं, डिंकाचा डाग पडलेलं, अक्षराअक्षरावर टेकायला लागलं. दानम्मा सांगत होती, चष्म्यामागं डोळे मिटून.

"मागच्या कामात जाडी अठ्ठावीस झाली, ती चूक माझी होती."

"...चूक माझी... व्हती का होती?"

"होती. कार्डावर माप मी चुकीचं लिहिलं. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू आहे हे मला त्या वेळी कळत होतं आणि मी सांगितलं नाही. कारागिरानं दिलं तसं केलं."

बोट थांबलं. "कारागीर म्हनू, का नाव घालू?"

"नाव घाला. जोतीराम गणपतराव सुतार. त्यांची चूक नव्हती, आणि त्यांना समज वगैरे कुणी दिली नव्हती. बुधवारचं तुमचं मेलही माझ्याच हातनं डब्यात गेलं. ते शोधून काढलं त्यांनीच."

जोतीरामनं स्वतःचं नाव लिहायला सगळ्यात जास्त वेळ घेतला. वडलांच्या नावात एक अक्षर चुकलं, ते परत खोडून नीट केलं. मग सगळं पुन्हा वाचलं, पहिल्यापासून, आणि विचारलं, "हे पाठवलं आणि यादीतनं काढलं तर?"

"काढलं तर काढलं."

"तसं बोलायला सोपं हाय. चार घरं हायती त्या शेडवर."

"पाठवू नका मग," दानम्मा म्हणाली. "तुम्ही सांगा. मी चुकले म्हणून तुमची घरं मी पणाला लावू का? तुम्ही म्हणाल तसं."

जोतीराम बराच वेळ मेल पाठवायच्या बाणाच्या चित्राकडं बघत राहिला. खाली रस्त्यावर कुणीतरी म्हशीला हाकलत होतं, त्याच्या शिव्या वरपर्यंत ऐकू येत होत्या. मग त्यानं बोट टेकवलं.

"गेलं."

शांभवी येऊन थेंब घालायची वेळ झाली म्हणाली. दानम्मानं मान मागं केली, थेंब पडला, या वेळी डोळ्यातच. जोतीराम उठला नाही. मोबाइल मांडीवरच होता, पडदा विझला की तो अंगठ्यानं पुन्हा पेटवत होता. पंचवीस मिनिटांनी फोन थरथरला.

"आलं," तो म्हणाला.

"काय म्हणतोय?"

जोतीरामनं वाचलं. "नोटेड. नवीन डिस्पॅच डेट कळवा."

"आणि?"

"आनि काय न्हाय."

"एवढंच?"

"एवढंच हाय वो. खाली त्येचं नाव." जोतीरामनं मोबाइल उलटा करून बघितला, जणू मागं काही लिहिलंय. "यादीचं न्हाय, मागच्या कामाचं न्हाय, कायबी न्हाय. तारीख पाह्यजे त्येला." तो आता खरंच चिडला. "येवढंच हुतं तर तवाच लिवायला काय झालंतं अक्का?"

दानम्माच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. थेंबाचं असेल. चोळायचं नाही म्हणून सांगितलं होतं, तिनं हात गादीवर दाबून धरले. सहा महिने ती ज्याला घाबरून बसली होती ते दोन ओळींत संपलं होतं, आणि समोरच्या खुर्चीत जे बसलं होतं ते दोन ओळींत संपणारं नव्हतं.

"सोमवार लिवू का?" जोतीरामनं विचारलं. "डिंक आज वाळंल, उद्या रंग. सोमवारी सकाळी टेंपो."

"तुमचं काम आहे. तुम्हीच ठरवा."

त्यानं सोमवार लिहिलं. पाठवायच्या आधी तो थांबला. उत्तराच्या तळाशी आपोआप आलेलं तिचं नाव होतं. ते त्यानं एकेक अक्षर खोडलं आणि तिथं आपलं लिहिलं. काही विचारलं नाही. तिनं ऐकलं, बोट अक्षरांवर टेकताना होणारा तो बारीक आवाज, नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ.

मग तो उठला, मोबाइल शांभवीच्या हातात दिला. "गुरुवारपर्यंत अव्वाला द्यायचा न्हाय," म्हणाला आणि जिना उतरून गेला. दानम्मा खिडकीपाशी गेली. एका डोळ्यापुढं झाकण, दुसरा पाण्यानं भरलेला, रस्त्यावरच्या माणसांतला जोतीराम कुठला ते तिला ओळखता आलं नाही.